फोटोतल्या दोन रेघा आणि मी निवडलेली चुकीची डिग्री

हा आलेख तुम्हीही पाहिला असेलच. आडव्या अक्षावर बहुपदीची डिग्री, उभ्या अक्षावर एरर, म्हणजे चुकांच्या वर्गांची सरासरी, आणि दोन रेघा: एक ट्रेनिंगची, म्हणजे ज्या बिंदूंवर बहुपदी बसवली त्यांची, आणि दुसरी टेस्टची, म्हणजे तिने न पाहिलेल्या बिंदूंची. वर्गात पडद्यावर तो दाखवला तेव्हा मी कडेच्या बाकावरून मोबाइलने फोटो काढला. रेघांची नावं असलेला कोपरा फोटोत आलाच नाही आणि प्रिंट काळीपांढरी निघाली. त्या फोटोवरून योग्य डिग्री सांगायची होती. मी 2 लिहिली. उत्तर 4 होतं. ती चूक मला अजून बोचते, कारण मी आळस केला नव्हता. तासभर बघत बसले होते, पण भलतंच बघत होते.

आधी कोणती रेघ कोणाची ते ठरवा. नावं नसली तरी अडत नाही. त्याच बिंदूंवर लीस्ट स्क्वेअर्सने बहुपदी बसवत असाल, तर डिग्री वाढवल्यावर ट्रेनिंग एरर वाढूच शकत नाही. डिग्री 5 च्या बहुपदीत शेवटचा सहगुणक शून्य ठेवला की डिग्री 4 चीच बहुपदी मिळते, म्हणजे निदान तेवढं तरी तिला जमतंच. म्हणून जी रेघ कुठेतरी वर वळते, ती टेस्टची. फोटो तिरका असेल तर मात्र सपाट रेघही चढल्यासारखी दिसते. त्यामुळे चढ-उतार कागदाच्या कडेशी ताडू नका, आलेखातल्याच आडव्या जाळीच्या रेषेशी ताडा. मोबाइलमधलं स्कॅन अ‍ॅप फोटो सरळ करतं हे खरं, पण कडा कापताना अक्षावरचे आकडेही कापून टाकतं. मूळ फोटो जपून ठेवा.

आता ज्यात मी अडकले ते. हे सावकाश वाचा.

आम्हाला एका सीनियरने सूत्र दिलं होतं: ‘दोन रेघांतलं अंतर वाढायला लागलं की ओव्हरफिटिंग.’ म्हणजे मॉडेल खरा आकार शिकायचं सोडून बिंदूंमधली योगायोगाची गडबड पाठ करायला लागलं. असली एका ओळीची सूत्रं देणाऱ्यांवर माझा आता विश्वास नाही. मी अंतर बघितलं. ते पहिल्या डिग्रीपासूनच वाढत होतं, 2 नंतर तर डोळ्यांत भरण्याइतकं. म्हणून मी 2 वर थांबले.

दुसऱ्या एका सीनियरने नंतर माझ्या प्रिंटवर पट्टी ठेवली आणि विचारलं, ‘डावीकडे काय लिहिलंय?’ पुसट दिसत होतं: 10⁻², त्याच्या वर 10⁻¹, त्याच्या वर 10⁰. अक्ष लॉग स्केलचा होता. माझ्या प्रिंटमध्ये 10⁻² आणि 10⁻¹ या रेषांमध्ये 20 मिमी होते आणि डिग्री 4 चा ट्रेनिंगचा बिंदू खालच्या रेषेपासून 8 मिमी वर. साध्या अक्षासारखं वाचलं तर 0.046 येतं. लॉग अक्षावर ते 0.01 गुणिले 10 चा 0.4 वा घात, म्हणजे सुमारे 0.025. जवळजवळ निम्मं.

आकडे चुकीचे वाचणं हा त्यातला छोटा भाग. मोठा भाग हा, की लॉग अक्षावर दोन रेघांतलं अंतर वजाबाकी दाखवतच नाही, ते भागाकार दाखवतं. मूळ तक्ता हाती आल्यावर मी आकडे शेजारी शेजारी मांडले. डिग्री 2 ला ट्रेनिंग 0.074, टेस्ट 0.130. डिग्री 3 ला 0.041 आणि 0.090. डिग्री 4 ला 0.024 आणि 0.066. भागाकार करा: 1.8, मग 2.2, मग 2.75. फोटोत अंतर रुंदावतंय. आता वजाबाकी करा: 0.056, 0.049, 0.042. अंतर कमी होतंय! आणि खरं महत्त्वाचं म्हणजे टेस्ट एरर प्रत्येक पायरीला खालीच येतोय. मॉडेल सुधारत होतं आणि मी त्याला आजारी ठरवलं.

वजाबाकी वाढली असती तरी तेवढ्यावरून काही ठरत नाही. ट्रेनिंग एरर सहसा थोडा जास्तच गोड, म्हणजे खऱ्यापेक्षा लहान असतो, कारण मॉडेलने तेच बिंदू पाहून स्वतःला बेतलेलं असतं. आमच्या डेटात 12 बिंदू होते आणि नॉइजचं, म्हणजे त्या योगायोगाच्या गडबडीचं, व्हेरियन्स 0.04. टेस्ट एरर सरासरीने याच्या खाली जाऊ शकत नाही, पण डिग्री 4 चा ट्रेनिंग एरर 0.024 होता, कारण पाच सहगुणकांनी थोडा नॉइजही गिळला होता. ते साहजिक आहे. ओव्हरफिटिंगचं नुकसान दिसतं ते टेस्टची रेघ वर वळते तिथे. डिग्री 5 ला टेस्ट 0.072 झाला आणि ट्रेनिंग 0.020. डिग्री 8 ला ट्रेनिंग 0.010 आणि टेस्ट 0.9. लॉग अक्षामुळे ही चढण फोटोत सौम्य वाटते, पण टेस्ट एरर डिग्री 4 च्या तेरापटीहून जास्त झालाय.

घाबरू नका, एकदा हे डोळ्यांत बसलं की सुटत नाही. शेवटी डिग्री 11 ला ट्रेनिंगची रेघ फोटोच्या खाली कोसळून गेली होती आणि मला ती छपाईची चूक वाटली होती. 12 बिंदूंतून, कोणत्याही दोघांचा x सारखा नसेल तर, डिग्री 11 ची बहुपदी तंतोतंत जाते. एरर शून्य, आणि शून्याला लॉग अक्षावर जागा नाही. म्हणजे रेघ कुठे कोसळते ते बघून ट्रेनिंगचे बिंदू किती होते तेही कळतं.

फोटोवर समाधान मानू नका, स्वतः चालवून बघा:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
f = lambda v: np.cos(3*v + 0.5)
x, xt = rng.uniform(-1, 1, 12), rng.uniform(-1, 1, 500)
y  = f(x)  + rng.normal(0, 0.2, 12)
yt = f(xt) + rng.normal(0, 0.2, 500)
for d in range(1, 12):
    p = np.polynomial.Polynomial.fit(x, y, d)
    print(d, np.mean((p(x)-y)**2), np.mean((p(xt)-yt)**2))
```

`Polynomial.fit` x आधी -1 ते 1 मध्ये बसवून घेतं. तुम्ही स्वतः x चे मोठे घात काढून समीकरणं सोडवलीत, तर वरच्या डिग्रीला आकडेमोड ढासळते आणि ट्रेनिंग एरर चक्क वाढलेला दिसतो. तसं दिसलं तर सिद्धांतावर नाही, कोडवर शंका घ्या.

मग `7` च्या जागी वेगवेगळे आकडे टाका. टेस्टचा तळ कधी 3 वर येईल, कधी 4, कधी 5. त्यामुळे 0.066 आणि 0.072 एवढ्या फरकावरून ‘4 च बरोबर, 5 चूक’ असं छातीठोकपणे म्हणू नका. मी अशा वेळी लहान डिग्री घेते. आणि या रेघेवरून डिग्री निवडली असेल, तर तोच टेस्ट एरर मॉडेलचा अंतिम गुण म्हणून सांगू नका. निवडीसाठी वेगळा व्हॅलिडेशन संच ठेवा. फक्त 12 बिंदू असतील तर क्रॉस-व्हॅलिडेशन करा, म्हणजे आळीपाळीने थोडे बिंदू बाजूला ठेवून त्यांवर तपासा, आणि टेस्ट संच निवड होईपर्यंत उघडू नका.