साइटचा मालक गेल्यावर डोमेन निसटतं ते इथे: या चुका टाळा

साइटचा मालक वारला की घरचे लोक आधी बँकेचं कार्ड बंद करतात आणि मग मोबाइल नंबर. दोन्ही गोष्टी रास्तच आहेत. पण डोमेनचे, म्हणजे साइटच्या नावाचे, पैसे आपोआप भरले जात होते ते त्याच कार्डातून, आणि ते नाव ज्या कंपनीकडून घेतलं त्या रजिस्ट्रारच्या खात्याचा ओटीपी यायचा तो त्याच नंबरवर. साइट मात्र पुढचे काही महिने नीट उघडत राहते, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात येत नाही.

एक उदाहरण घेऊ. वडिलांनी वीस वर्षं लेख लिहिलेली एक .com साइट आहे आणि तिची मुदत 10 मार्चला संपते. वडील जानेवारीत गेले आणि कार्ड बंद झालं. रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण एक महिना आधी आणि एक आठवडा आधी अशा दोन सूचना पाठवल्या. .com, .org यांसारख्या डोमेनसाठी हे डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमानं बंधनकारक आहे. पण त्या गेल्या वडिलांच्या ईमेलवर, आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा होता.

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. डोमेन थांबलं की त्यावरची मेलही थांबते. मुलगी रजिस्ट्रारच्या पानावर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबते, पण नवा पासवर्ड ठरवण्याची लिंक जाते बंद पडलेल्या पत्त्यावर. म्हणून रजिस्ट्रारच्या खात्याला नेहमी दुसरीकडचा ईमेल द्यावा आणि घरातल्या कुणाला तरी तो उघडता यावा. मालक हिंडताफिरता असताना पाच मिनिटांत होणारं हे काम नंतर कागदपत्रांच्या फेऱ्यांत अडकतं.

पुढची फसगत तारखेची. मुलीने lookup.icann.org वर नाव शोधलं. तिथे `Registry Expiration` ही तारीख पुढच्या वर्षाची दिसली, आणि तिला वाटलं पैसे भरले गेले आहेत. खरं तर मुदत संपताच .com ची सगळी नावं सांभाळणारी रजिस्ट्री एक वर्ष आपणहून वाढवते आणि मग रजिस्ट्रारला 45 दिवसांपर्यंत ते मागे घेता येतं. तेव्हा तारखेवर विसंबू नका, `Domain Status` ही ओळ वाचा. `autoRenewPeriod` दिसलं तर पैसे भरले गेले की नाही हे थेट रजिस्ट्रारला विचारा. `redemptionPeriod` दिसलं तर डोमेन काढून टाकलेलं आहे, पण 30 दिवसांत सोडवता येतं. त्यासाठी नेहमीच्या शुल्काशिवाय बराच मोठा दंड पडतो. सोबत `redemptionPeriod` नसताना नुसतं `pendingDelete` दिसलं तर पाच दिवसांत नाव मोकळं होणार. तेव्हा कुणालाही काही करता येत नाही.

आपल्या उदाहरणात रजिस्ट्रारने चाळिसाव्या दिवशी, 19 एप्रिलला, डोमेन काढलं असं धरू. मग 19 मेपर्यंत सोडवण्याची संधी आहे आणि 24 मेच्या सुमारास ते कुणीही घेऊ शकेल. प्रत्यक्षात यापेक्षाही कमी वेळ मिळू शकतो. चांगलं नाव असलं तर काही रजिस्ट्रार ते काढून न टाकता त्याआधीच लिलावात घालतात. देशांच्या डोमेनचे दिवस आणि नियम वेगळे असतात, ते त्या-त्या रजिस्ट्रीकडे पाहावेत.

मग करायचं काय? आधी पैसे, मालकी नंतर. लोक उलट करतात: मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, सह्या गोळा करत बसतात आणि तोवर मुदत निघून जाते. बरेच रजिस्ट्रार दुसऱ्या कुणालाही त्या डोमेनचे पैसे भरू देतात, कारण पैसे भरल्याने मालकी बदलत नाही. सपोर्टला फोन करा, मालक वारल्याचं सांगा आणि फक्त रिन्यू करायचं आहे असं म्हणा. एक वर्ष हाती आलं की कागद शांतपणे देता येतात. मालक हयात आहे पण आजारामुळे सांभाळू शकत नाही, अशा वेळी मुखत्यारपत्र उपयोगी पडतं. मृत्यूनंतर ते चालत नाही, तेव्हा वारसाचेच कागद लागतात.

साइट बनवून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्याच नावावर घेतलं असेल तर वारसाचे कागद असूनही रजिस्ट्रार त्या कुटुंबाला मालक मानणार नाही. मालक असतानाच नोंदीत कुणाचं नाव आहे ते पाहा.

डोमेन वाचलं म्हणजे साइट वाचली असं नाही. लेख राहतात होस्टिंगवर, त्याचं बिल वेगळं असतं आणि ते थकलं की कंपनी फाइली पुसून टाकते. फाइली आणि डेटाबेस या दोन्हींची प्रत उतरवून घ्या. तेही हुकलं असेल तर web.archive.org वर जुनी पानं शोधा, बरेचदा मजकूर मिळतो.

साइट पुढे चालवायची नाही असं घरच्यांनी ठरवलं तरी डोमेन लगेच सोडू नका. नवा मालक त्याच नावाने मेलबॉक्स उघडू शकतो आणि त्या पत्त्यावर उघडलेल्या जुन्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंका त्याच्याकडे जाऊ लागतात. आधी ती खाती शोधून त्यांचा ईमेल बदला किंवा ती बंद करा. शक्य असेल तर नाव आणखी वर्षभर रिन्यू करून ठेवा. त्या काळात कोणकोणत्या खात्यांच्या मेल अजून येतात ते कळतं, आणि सगळी खाती आवरली की मग डोमेन सोडता येतं.