फ्लॅटच्या मुख्य दाराचं लॉक घेताना या चुका टाळा

मुख्य दाराच्या जाडीत बसवलेल्या मॉर्टिस लॉकमध्ये चावी जिथे जाते तो पितळी सिलिंडर बहुतेक लॉकमध्ये वेगळा मिळतो आणि वेगळा बदलता येतो. तरीही दुकानात लोक हँडलची चमक बघतात आणि सिलिंडरचं माप विचारतच नाहीत. सर्वात महागात पडणारी चूक हीच.

समजा दार ३५ मिमी जाड आहे, लॉक जाडीच्या मधोमध बसलंय आणि दोन्ही बाजूंच्या हँडलप्लेट १०-१० मिमीच्या आहेत. सिलिंडर धरून ठेवणाऱ्या मधल्या स्क्रूपासून प्लेटच्या बाहेरच्या तोंडापर्यंत साडेसत्तावीस मिमी भरतात. इथे ३०/३०, म्हणजे एकूण ६० मिमीचा सिलिंडर हवा. तो जेमतेम अडीच मिमी बाहेर राहतो. दुकानदाराकडे ७० मिमीचाच शिल्लक असला की तोच बसवला जातो आणि साडेसात मिमी बाहेर डोकावतो. स्क्रूच्या भोकापाशी सिलिंडरचं अंग सगळ्यात बारीक असतं. बाहेर आलेलं टोक पान्यात धरून हिसका दिला की तो तिथेच तुटतो, मग लॉक कितीही भारी असो. बाहेर तीन मिमीपेक्षा जास्त राहू देऊ नका. जुना काढायला दाराच्या कडेचा लांब स्क्रू काढा, चावी किंचित फिरवा आणि सिलिंडर ओढा. तो बाहेर येत नसेल तर चावीबरोबर फिरणारी सिलिंडरची जीभ त्याच्या अंगाच्या रेषेत आलेली नाही. जोर न लावता चावी थोडी पुढे-मागे करून बघा.

दुसरी चूक चौकटीतली. बोल्ट ज्या पट्टीत शिरतो तिला पाकिटातले छोटे स्क्रू लावून सुतार मोकळा होतो. लाथ बसली की लॉक शाबूत राहतं आणि पट्टी लाकडासकट उखडते. लाकडी चौकटीला जाडी असेल तेवढे लांब, शक्यतो ६० मिमीच्या पुढचे स्क्रू लावा. त्याआधी बारीक भोक पाडा, नाहीतर लाकूड चिरतं. बोल्टच्या टोकाला खडू लावून दार बंद करा आणि चावी पूर्ण फिरवा. बोल्ट पूर्ण बाहेर येण्याआधीच चावी अडली आणि भोकाच्या तळाला खडू उमटला, तर खाच उथळ आहे. ती खोल करून घ्या.

पावसाळ्यात चावी अडते म्हणून लॉकच बदलणारेही खूप. आधी दार उघडं ठेवून चावी फिरवा. सहज फिरली तर लॉक ठीक आहे. आता दार लावून हँडल वर उचलत फिरवा. तेव्हा फिरली तर दार खाली बसलंय, वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा. तरी घासतच असेल तर कडेला हलका रंधा मारा. चावीच्या भोकात खोबरेल कधीच घालू नका, त्यावर धूळ चिकटते. ग्रॅफाइट पावडर घाला.

कंपनी निवडताना नावाइतकंच एक विचारा: याच मापाचा सुटा सिलिंडर आणि पट्टी चार वर्षांनी मिळेल का? गोदरेजसारख्या १८९७ पासून कुलपं बनवणाऱ्या कंपनीचं लॉक घेतलं तरी विचारा, कारण जुनी मॉडेल्स बंद होतात. चाव्यांचं पाकीट सीलबंद आहे ना, तेही दुकानातच बघा. फाटलेलं असेल तर ते लॉक घेऊ नका.