शनिवारच्या आरोग्य तपासणीसाठी: आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या रक्तनमुन्यापर्यंतची तयारी

सस्नेह नमस्कार. येत्या शनिवारी आपली संपूर्ण आरोग्य तपासणी आमच्या चिकित्सालयात ठरलेली आहे. आपण सकाळी ७ वाजता नोंदणी खिडकीशी पोहोचावे. उपाशीपोटीचे रक्त ७.१५ ते ७.४५ या वेळात घेतले जाते आणि त्यानंतरच्या बाकी सर्व तपासण्यांचा क्रम त्या वेळेवरून लागतो. म्हणून आपल्या तपासणीची खरी सुरुवात शनिवारी सकाळी नव्हे, तर शुक्रवारी रात्री जेवणाच्या ताटावरच होते. हे पत्र शुक्रवारी संध्याकाळी एकदा सावकाश वाचावे आणि घरात जो स्वयंपाक करतो त्यालाही दाखवावे.

शुक्रवारचे जेवण नेहमीचेच असावे, मात्र ते संध्याकाळी ७.३० ते रात्री ९ या वेळात संपवावे. रक्तातील साखर उपाशीपोटी मोजायची तर किमान ८ तास पोटात काही गेलेले नसावे, आणि चरबीच्या, विशेषतः ट्रायग्लिसराइडच्या तपासणीसाठी आम्ही १० ते १२ तासांचे अंतर मागतो, कारण जेवणानंतर हा आकडा काही तास चढलेला राहतो. आकडा चांगला यावा म्हणून त्या रात्री नुसती ताकभाकरी खाणे किंवा दुपारपासूनच उपाशी राहणे, दोन्ही टाळावे. आपण एरवी जसे जेवता तसा अहवाल आम्हाला हवा आहे. याच कारणाने लग्नाच्या पंगतीचे जेवण किंवा मद्यही आदल्या दिवशी नको. मद्याने ट्रायग्लिसराइड वाढतात आणि मग वाढ आजाराची की कालच्या मेजवानीची, हे सांगणे अवघड होऊन बसते.

शेवटचा घास घेतल्यावर साधे पाणी सोडून तोंडात काहीही जाऊ नये. पाणी मात्र नेहमीसारखे प्यावे, कारण कोरड्या शरीराची शीर लवकर सापडत नाही आणि सुई दोनदा टोचावी लागते. सकाळचा अर्धा कप चहा, बिनसाखरेची कॉफी, लिंबूपाणी, मधपाणी, तुळशीचा काढा, बडीशेप, तंबाखू, मिश्री आणि सिगारेट यांतले काहीही चालणार नाही. शनिवारी आपला उपास असेल तर साबुदाणा, दूध, केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू पहाटे खाऊन येऊ नये, कारण या तपासणीच्या दृष्टीने तेही जेवणच आहे. दात घासायला हरकत नाही. पहाटेचे फिरणे, सूर्यनमस्कार किंवा व्यायामशाळा त्या एका दिवसापुरती बाजूला ठेवावी. एवढे करूनही चुकून चहा प्यायला गेला, तर तो नोंदणीच्या वेळी सांगून टाकावा. आम्ही रागावत नाही, फक्त उपाशीपोटीची तपासणी दुसऱ्या दिवशी ठेवतो. न सांगितलेला चहा मात्र अहवालात साखर किंवा चरबी होऊन उतरतो आणि त्यावर गोळ्या सुरू होण्याची वेळ येते.

औषधांबाबत सर्वांना एकच नियम लावता येत नाही, त्यामुळे हा भाग जरा थांबून वाचावा. रक्तदाबाची गोळी सकाळी घेत असाल तर ती नेहमीच्या वेळी थोड्या पाण्याबरोबर घ्यावी. ‘आज तपासणी आहे’ म्हणून ती चुकवली तर आम्हाला गोळी न घेतलेल्या माणसाचा रक्तदाब दिसतो, ज्याचा उपयोग कोणालाच नाही. थायरॉइडची गोळी मात्र रक्त दिल्यानंतर घ्यावी. ती आधी घेतली तर रक्तातील टी-४ काही तास चढलेले दिसते. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिन असलेल्या गोळ्या चालू असतील तर त्या किमान २ दिवस आधी थांबवाव्यात, कारण काही यंत्रांवर त्यांच्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. या गोळ्यांना बहुतेक जण औषध समजत नाहीत आणि म्हणून विचारल्याशिवाय सांगतही नाहीत.

मधुमेहाच्या गोळ्या आणि जेवणाआधीचे इन्सुलिन घरून घेऊन येऊ नये, ते बरोबर आणावे. न्याहारी समोर आली की नेहमीच्या मात्रेत, नेहमीच्या पद्धतीने घ्यावे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटी घेऊन २ तास रांगेत बसले तर साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. रात्रीचे दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन साधारणपणे बंद करत नाहीत, पण त्याची मात्रा किती ठेवायची हे आपल्या डॉक्टरांना शुक्रवारी फोन करून विचारावे. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे किंवा एकाएकी चिडचिड होऊन गोंधळल्यासारखे वाटणे यांतले काही जाणवले तर रक्त द्यायची वाट पाहू नये. जवळ ग्लुकोमीटर असल्यास साखर पाहावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मोजता येत नसेल, तर ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे. त्या दिवशीचा उपाशीपोटीचा नमुना मग आपण घेणारच नाही. पहाटे असे काही झाले तर एकट्याने गाडी चालवत येण्याऐवजी घरच्या कोणाला तरी बरोबर घ्यावे.

आता लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी. या दोन तपासण्यांचे आपसात पटत नाही आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. ओटीपोटाच्या सोनोग्राफीला मूत्राशय भरलेले लागते, तर खूप पाणी पिऊन दिलेला लघवीचा नमुना इतका पातळ होतो की त्यातून थोडेच कळते. म्हणून घरून तुडुंब पाणी पिऊन येऊ नये. इथे आल्यावर प्रथम लघवीचा नमुना द्यावा. सुरुवातीची थोडी धार सोडून मधली डबीत घ्यावी आणि डबीच्या आतल्या बाजूला बोट लावू नये. नमुना देऊन ५ मिनिटे शांत बसल्यावर रक्तदाब घेतला जातो, कारण भरलेल्या मूत्राशयानेही तो वाढतो. रक्त दिल्यानंतर ४ पेले पाणी पिऊन सुमारे तासभर लघवीला जाऊ नये. सोनोग्राफी होईपर्यंत न्याहारीही करू नये, कारण खाल्ल्याबरोबर पित्ताशय आकसते आणि त्यातील खडे नीट दिसत नाहीत.

हे सगळे कागदावर गुंतागुंतीचे वाटते, म्हणून एक उदाहरण घेऊ. ६० वर्षांच्या एका बाईंना मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइड असे तिन्ही आहेत, असे समजा. त्यांनी शुक्रवारी रात्री ८.१५ ला जेवण संपवले. शनिवारी ६ वाजता अर्धा कप पाण्याबरोबर फक्त रक्तदाबाची गोळी घेतली आणि ७ वाजता त्या खिडकीशी आल्या. लघवीचा नमुना, रक्तदाब आणि मग ७.२० ला रक्त, म्हणजे जेवणापासून ११ तास होऊन गेले. लगेच थायरॉइडची गोळी आणि त्यामागोमाग ४ पेले पाणी. मधल्या वेळेत ईसीजी, ८.३० ला सोनोग्राफी, नंतर शौचालय. ८.५० ला डबा उघडून मधुमेहाची गोळी आणि न्याहारी. थायरॉइडच्या गोळीला तोवर तासाभराहून अधिक मोकळे पोट मिळालेले आहे. पहिला घास ८.५० ला, म्हणून जेवणानंतरच्या साखरेचे रक्त बरोबर १०.५० ला. मधल्या दोन तासांत छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरांशी बोलणे उरकले. मधुमेह असलेल्यांना सोनोग्राफीत आम्ही पुढे घेतो, पण त्यासाठी नोंदणीच्या वेळी तसे सांगणे गरजेचे आहे.

ते दोन तास पहिल्या घासापासून मोजतात, हात धुतल्यापासून नव्हे. त्यामुळे जेवायला बसताना घड्याळ पाहून वेळ आपल्या कार्डावर लिहून घ्यावी. न्याहारी १५ ते २० मिनिटांत संपवावी आणि तिच्यानंतर नमुना देईपर्यंत पाण्याखेरीज काही घेऊ नये. शेजारच्याने पुढे केलेले बिस्किटही नाही. आवारात फेऱ्या मारून साखर खाली आणण्याचा प्रयत्न अनेक जण करतात, आणि तो अहवालात यशस्वीही होतो, पण मग त्या अहवालावरून औषधाची मात्रा ठरवायची कशी? डबा घरूनच आणावा, नेहमी खाता तेवढी पोळी-भाजी किंवा पोहे. आमच्या उपाहारगृहात उपमा व चहा मिळतो, मात्र ज्यांना घरी सकाळी भाकरी लागते त्यांना तो आपला आकडा सांगणार नाही.

बरोबर आणायच्या वस्तूंत सर्वांत उपयोगी म्हणजे चालू औषधांची पाकिटे. चिठ्ठीवरची नावे लागत नाहीत, ‘पांढरी छोटी गोळी’ तर त्याहून नाही. मागील दोन वर्षांचे अहवाल, जुना ईसीजी आणि असल्यास घरच्या ग्लुकोमीटरची वही आणावी. जुन्या ईसीजीशी ताडून पाहिले की आजचा बदल नवा आहे की जुनाच, हे लगेच कळते. आधार कार्ड किंवा अन्य ओळखपत्र, कंपनीमार्फत येणार असाल तर तिचे पत्र, रोजचा चष्मा आणि श्रवणयंत्र विसरू नये. डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासण्याचे ठरले असेल तर नंतर काही तास अंधूक दिसते, त्या दिवशी गाडी स्वतः चालवू नये.

कपडे सैल आणि दोन भागांचे असावेत. एक्स-रेच्या वेळी मंगळसूत्र, साखळी, पिना आणि धातूची बटणे काढावी लागतात, तेव्हा किमती दागिने घरीच ठेवलेले बरे. ईसीजीसाठी छातीला तेल किंवा क्रीम लावलेले नसावे, नाहीतर पट्ट्या चिकटत नाहीत. मॅमोग्राफी असेल तर काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये, त्याचे कण चित्रात ठिपक्यांसारखे दिसतात. गरोदर असण्याची शक्यता असल्यास एक्स-रेच्या खोलीत शिरण्यापूर्वीच सांगावे. मासिक पाळी चालू असेल तर लघवीच्या नमुन्यात रक्त दिसते, म्हणून तेवढी तपासणी पाळी संपल्यावर काही दिवसांनी ठेवता येते, बाकीची शनिवारीच होईल.

ताप, जुलाब किंवा घशाचा संसर्ग असेल तर मात्र संपूर्ण तपासणीच पुढे ढकलावी, कारण आजारपणात साखर आणि पांढऱ्या पेशी दोन्ही वाढलेल्या दिसतात. शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत या संदेशालाच उत्तर देऊन कळवल्यास पुढील आठवड्यातील वेळ आम्ही त्याच दिवशी देऊ. शनिवारी वाटेत उशीर झाला आणि ७.४५ नंतर पोहोचणार असे दिसले, तर कळवून यावे. शेवटचा घास रात्री ९ चा असेल तर सकाळी ८.३० लाही रक्त घेता येते, पण ७.३० ला जेवलेल्या मधुमेही व्यक्तीला तेवढे थांबवायचे नसते, म्हणून जेवण कधी संपले ती वेळ फोनवरच सांगावी.