मुलाच्या गेममधून पैसे गेले? पावती शोधा, ४८ तास मोजा

बँकेचा मेसेज येतो, नाव ओळखीचे वाटत नाही, रक्कम ८९ किंवा ४४९ रुपयांसारखी विचित्र असते. घरात लहान मूल मोबाइलवर गेम खेळत असेल तर संशय तिकडेच जातो, आणि बहुतेकदा खराही ठरतो. पण आधी मुलाला फैलावर घेण्यापेक्षा घड्याळ बघा. गुगल प्लेवर केलेल्या खरेदीचे पैसे थेट गुगलकडे मागायला साधारण ४८ तास असतात. ते खरेदीच्या क्षणापासून मोजले जातात, तुमच्या लक्षात आल्यापासून नाही.

समजा, सोमवारी सकाळी ९ वाजता आईने बँकेचे खाते उघडले. शनिवारी संध्याकाळी ७:१२ ला ८९ रुपये, ७:३१ ला ४४९ रुपये आणि रविवारी पहाटे २९९ रुपये गेलेले दिसले. नऊ वर्षांची मुलगी शनिवारी आईच्याच फोनवर खेळत होती. म्हणजे पहिल्या खरेदीसाठी आता दहा तासांच्या आसपास उरले आहेत.

पहिले काम, बँकेच्या नोंदीऐवजी गुगलची पावती हातात घेणे. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे प्रोफाइलच्या चित्रावर दाबा, `Payments & subscriptions` मध्ये जा आणि `Budget & history` बघा. इथे तारखेनुसार सगळी खरेदी दिसते. यादी रिकामी दिसली तर गडबडू नका. बहुधा तुम्ही चुकीच्या खात्यात आहात. एकाच फोनवर दोन-तीन जीमेल खाती असतात आणि गेम भलत्याच खात्यातून घेतलेला असतो. प्रोफाइलच्या चित्रावर दाबून खाते बदला आणि पुन्हा बघा. मूल गुगलच्या फॅमिली ग्रुपमध्ये असेल आणि कुटुंबाची सामाईक पेमेंट पद्धत वापरली गेली असेल, तर पावती ग्रुप सांभाळणाऱ्या पालकाला ईमेलने येते. म्हणून प्रत्येक खात्याच्या जीमेलमध्ये हेही शोधून बघा, स्पॅमचा फोल्डरही न विसरता:

```
from:googleplay-noreply@google.com newer_than:90d
```

प्रत्येक पावतीवर `GPA.` ने सुरू होणारा लांबलचक ऑर्डर क्रमांक असतो. तोच खरा पुरावा, तो जपून ठेवा. रक्कम, वेळ आणि हा क्रमांक, तीनही गोष्टी कागदावर लिहून बँकेच्या नोंदीशी जुळवा.

आपल्या उदाहरणात इथे गंमत होते. बँकेत तीन नोंदी आहेत, पावत्या मात्र चार. शनिवारी ७:३८ ला आणखी एक ४४९ रुपयांची खरेदी झाली आहे, पण तिचे पैसे गुगल प्लेमध्ये आधीच शिल्लक असलेल्या रकमेतून गेले. वाढदिवसाला मिळालेल्या रिचार्ज कोडचे पैसे तिथे पडून होते. असे पैसे खर्च झाले की बँकेकडून मेसेज येत नाही आणि ओटीपीही लागत नाही, त्यामुळे फक्त बँकेची नोंद बघणारा माणूस हा खर्च कधीच पकडू शकत नाही.

दुसरी गोष्ट २९९ च्या पावतीची. तिच्या क्रमांकाच्या शेवटी `..1` आहे. हे दोन टिंब आणि आकडा म्हणजे सबस्क्रिप्शनच्या नूतनीकरणाची खूण. मूळ खरेदीला शेपूट नसते, पहिल्या नूतनीकरणाला `..0` आणि दुसऱ्याला `..1` लागते. म्हणजे ही या सबस्क्रिप्शनची तिसरी पावती! मुलीने हे दोन महिन्यांपूर्वीच सुरू केले होते, शनिवारचा त्याच्याशी संबंध नाही. सुरुवात मोफत चाचणीने झाली असेल तर पहिली पावती शून्य रुपयांची असते, आणि म्हणूनच ती कुणाच्या नजरेत भरत नाही.

`GPA.` असलेली पावती कुठेच सापडली नाही तर? मग खरेदी बहुधा प्ले स्टोअरमधून झालेलीच नाही. डायमंड किंवा नाणी विकणाऱ्या एखाद्या टॉप-अप वेबसाइटवर थेट यूपीआयने पैसे दिले गेले असतील, तर प्ले स्टोअरचे परतावा नियम तिथे लागू होत नाहीत. त्या विक्रेत्याशीच बोलावे लागते.

आता परतावा. ब्राउझरमध्ये `play.google.com` उघडा, त्याच खात्याने लॉगिन करा, ऑर्डरची यादी काढा आणि त्या खरेदीसमोर `Report a problem` निवडा. कारणांच्या यादीत घरातल्या किंवा ओळखीच्या व्यक्तीने संमतीशिवाय खरेदी केल्याचा पर्याय असतो, तोच निवडा. प्रत्येक ऑर्डरसाठी वेगळा अर्ज लागतो. उत्तर अनेकदा पंधरा मिनिटांत येते, कधी चार दिवसही लागतात.

इथे एक मोह टाळा. अनोळखी माणसाने केलेल्या खरेदीची तक्रार करायला १२० दिवस मिळतात, म्हणून काही पालक तोच रस्ता धरतात. मुलाने त्याच घरातल्या फोनवरून केलेली खरेदी अनोळखी ठरत नाही, आणि खोटे कारण अंगाशी येते. खाते किंवा पेमेंटचा तपशील दुसऱ्याला दिला असेल, किंवा खात्यावर पासवर्डची तपासणी लावलेलीच नसेल, तर सहसा परतावा मिळत नाही असे गुगलचे धोरणच सांगते. म्हणून अर्जात दोन ओळींत खरे लिहा: मूल किती वर्षांचे, खरेदी केव्हा झाली, लक्षात कधी आले.

सबस्क्रिप्शनचे पैसे मागितले म्हणजे ते बंद झाले असे नाही. `Payments & subscriptions` मधल्या `Subscriptions` मध्ये जाऊन ते वेगळे रद्द करा. गेम फोनवरून काढून टाकला तरी दर महिन्याला पैसे कापले जातातच. कार्डावर किंवा यूपीआयवर आपोआप पैसे कापले जाण्याआधी किमान २४ तास सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज शोधलात तर पुढच्या वेळी कापण्याआधीच थांबवता येईल.

आपल्या उदाहरणात शनिवारच्या तीन ऑर्डर आणि रविवारचे २९९ अजून मुदतीत आहेत. आधीच्या दोन महिन्यांचे हप्ते मात्र ४८ तासांच्या बाहेर गेले. त्यांच्यासाठी गेम बनवणाऱ्याकडे जावे लागते. त्याचा ईमेल प्ले स्टोअरमधल्या गेमच्या पानावरच असतो. पत्रात `GPA.` क्रमांक आणि गेममधला खेळाडूचा आयडी द्या. रागाच्या भरात गेम आधीच उडवला तर हा आयडी शोधताना नाकी नऊ येतात, म्हणून पहिल्यांदा त्याचा स्क्रीनशॉट काढा. परतावा मंजूर झाला तर पैसे ज्या मार्गाने गेले त्याच मार्गाने येतात: ७:३८ चे ४४९ रुपये बँकेत नव्हे, प्लेच्या शिल्लकीत दिसतील. तिथे बघितले नाही तर पैसे आलेच नाहीत असे वाटत राहते.

आयफोनवर वाट वेगळी आहे. `reportaproblem.apple.com` वर लॉगिन करून परतावा मागायचा. कारणांत अल्पवयीन मुलाने परवानगीशिवाय खरेदी केल्याचा पर्याय सापडतो. ॲपल कधी कधी दोन-तीन खरेद्या एकत्र करून एकच रक्कम कापते, त्यामुळे बँकेतला आकडा कुठल्याच एका पावतीशी जुळत नाही. बेरीज करून बघा. रक्कम अजून प्रलंबित दिसत असेल तर ती पूर्ण होईपर्यंत अर्ज करता येत नाही.

शेवटी कुलूप. प्ले स्टोअरच्या `Settings` मध्ये `Purchase verification` प्रत्येक खरेदीसाठी लावा, दर ३० मिनिटांनी नको. एकदा पासवर्ड टाकला की अर्धा तास दार उघडे, याच सवलतीवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये गुगलला मुलांच्या खरेदीचे किमान १.९ कोटी डॉलर पालकांना परत द्यायला लावले होते. पडताळणी बोटाच्या ठशाने होत असेल तर फोनमध्ये कुणाकुणाचे ठसे नोंदले आहेत तेही तपासा. गाणी लावता यावीत म्हणून कधीतरी मुलाचे बोट नोंदवलेले असते, आणि तेच बोट खरेदीलाही चालते.