डोळे चोळायची सवय कशी सोडवायची

माझा भाचा 14 वर्षांचा, लहानपणापासून धुळीची अ‍ॅलर्जी, आणि अभ्यासाला बसला की मूठ करून बोटांच्या सांध्यांनी डोळे खसाखसा चोळायचा. आम्ही "चोळू नको रे" एवढंच म्हणायचो. मग वर्षभरात चष्म्यातला सिलिंडरचा नंबर 1 वरून 3 वर गेला, नवीन चष्म्यातूनही नीट दिसेना, तेव्हा डॉक्टरांनी कॉर्नियल टोपोग्राफी, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागाचा आकार बघायची तपासणी, करायला सांगितली आणि त्यात केराटोकोनस निघाला.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. रोज जोरात चोळून तो पातळ आणि कमकुवत होऊ शकतो, मग आतल्या दाबाने शंकूसारखा पुढे येतो, हाच केराटोकोनस. आधी चोळणं की आधी कमकुवतपणा यावर डॉक्टरांची वेगवेगळी मतं आहेत, पण चोळल्याने आजार वाढतो म्हणून ते थांबवायला सगळेच सांगतात.

नुसतं ओरडून मूल थांबत नाही कारण खाज खरी असते. अ‍ॅलर्जीत डोळ्यातल्या पेशी हिस्टामिन सोडतात, चोळलं की त्या अजून फुटतात, अजून हिस्टामिन, म्हणजे दोन मिनिटं बरं वाटून खाज दुप्पट. म्हणून आधी खाज घालवायची.

1. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून अ‍ॅलर्जीचे ड्रॉप घ्या. भाच्याला ओलोपॅटाडिन दिलं होतं, दिवसातून दोनदा, आणि ते खाज नसतानाही सांगितले तितके दिवस घालायचं, इथेच बहुतेक लोक चुकतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे ड्रॉप आणू नका, खाज पटकन जाते पण जास्त दिवस घातले तर काचबिंदू, मोतीबिंदू होऊ शकतो.

2. खाज आली की डोळे मिटून गार पाण्यात पिळलेला स्वच्छ रुमाल 5 मिनिटं नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. फ्रिजमधले साधे लुब्रिकंट ड्रॉपही चालतात.

3. हात तरी वर जातोच. तेव्हा पापणीला हात न लावता डोळ्याखालचं हाड बोटाने हलकेच दाबायचं. भाच्याला हेच जमलं, महिनाभर लागला.

4. चोळणं कधी होतं ते आठवडाभर लिहून ठेवा. आमच्याकडे सकाळी उठल्यावर आणि मोबाईल बघताना सगळ्यात जास्त व्हायचं. पालथं झोपून उशीत डोळा दाबला जात असेल तर तेही बदला. झोपेत चोळत असेल तर रात्री डोळ्यावर प्लास्टिकची शील्ड लावतात.

सिलिंडर सारखा वाढतोय, रात्री दिव्याभोवती रेषा किंवा एकाचे दोन दिवे दिसतायत, असं असेल तर नुसता नंबर काढून परत येऊ नका, टोपोग्राफी करायची का ते विचारा. आजार वाढत असेल तर सीथ्रीआर करतात, त्यात बी-2 जीवनसत्त्वाचे थेंब घालून अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाने कॉर्निया घट्ट करतात. त्याने बहुतेकांचा आजार वाढायचा थांबतो, गेलेली नजर मात्र पूर्ण परत येईलच असं नाही. भाच्याचं एका डोळ्याचं झालंय, तरी चोळायचं नाही हे डॉक्टर दर भेटीत त्याला सांगतातच.