ठिबक अनुदानावरचा मोठा निबंध: मार्क आयतात जातात

अर्थशास्त्राच्या पेपरात शेती अनुदानाचं मूल्यमापन करा असा प्रश्न आला की पुरवठा वक्र खाली सरकवणं बहुतेकांना जमतं. मार्क जातात ते सरकारी खर्चाच्या आयतात. म्हणून आधी तोच पक्का करा.

ठिबकचं उदाहरण घ्या, मराठवाड्यात ते सगळ्यांच्या डोळ्यासमोरचं आहे. कल्पित आकडे धरू: एकरी संच 40,000 रुपये, तालुक्यात वर्षाला 100 संच खपतात. सरकार संचामागे 20,000 देतं आणि खप 140 वर जातो. आता शेतकऱ्याच्या खिशातून 28,000 जातात, विक्रेत्याच्या हातात 48,000 पडतात. आयताची उंची 28,000 ते 48,000, रुंदी शून्यापासून 140 पर्यंत. खर्च 28 लाख. बरेच जण आयत जुन्या 100 वरच थांबवतात, किंवा 40,000 पासून खाली 20,000 मोजतात. दोन्ही चूक. पडताळा सोपा आहे: आयताचा उजवा वरचा कोपरा जुन्या पुरवठा वक्रावर आणि उजवा खालचा कोपरा मागणी वक्रावर यायला हवा. नाही आला तर खोडा आणि पुन्हा काढा, पाच मिनिटं गेली तरी चालतील.

एकदा हे जमलं की पुढचं लिखाण आकृतीतूनच निघतं. 20,000 दिले, पण शेतकऱ्याला 12,000 चाच फायदा झाला. उरलेले 8,000 विक्रेत्याकडे गेले. का? मागणी वक्र पुरवठा वक्रापेक्षा उभा आहे म्हणून मोठा वाटा शेतकऱ्याचा. हे ‘का’ लिहिलं नाही तर ती नुसती माहिती राहते, तर्कसाखळी होत नाही.

जादाच्या 40 संचांवर जुना पुरवठा वक्र आणि मागणी वक्र यांच्यामधला त्रिकोण 4 लाखांचा. नेहमीच्या हिशेबात तो समाजाचं नुकसान. पण ठिबकमुळे भूजल वाचून शेजारच्या विहिरींना संचामागे 20,000 चा लाभ होत असेल, तर 140 हाच योग्य खप ठरतो आणि ते नुकसान उरत नाही.

इथेच उलटी साखळीही जोडा: पाणी वाचलं, त्याच विहिरीवर जास्त क्षेत्र भिजायला लागलं, ऊस वाढला, उपसा होता तेवढाच राहिला. मग शेजाऱ्याचा लाभ आटतो आणि त्रिकोण पुन्हा नुकसानीचा होतो.

क्लासच्या नोट्समधला ‘फायदेही आहेत, तोटेही आहेत’ हा तयार शेवट कृपया लिहू नका. तो निर्णय नव्हे. दोन साखळ्यांपैकी कोणती जड आणि कोणत्या अटीवर, ते सांगा. उदाहरणार्थ: उपशावर मर्यादा असेल तिथे अनुदान समर्थनीय, नसेल तिथे 28 लाखांतला बराच पैसा शेतकरी आणि विक्रेत्याच्या खिशात जातो, पाणी मात्र वाचत नाही. एवढी दोन वाक्यं पुरतात. भाषा साधी असली तरी काही बिघडत नाही.