खरेदी आदेशातला दशांश: या चुका टाळा

खरेदी विभागात नव्याने आलेल्यांना पर्चेस ऑर्डर तपासायला दिली की ते कॅल्क्युलेटर काढतात. नग गुणिले दर, त्यावर जीएसटी, बेरीज जुळली की टिकमार्क. ही सर्वांत मोठी चूक. आजकाल गुणाकार सिस्टिमच करते आणि तो बरोबरच असतो. चूक असते ती आत टाकलेल्या आकड्यात, आणि चुकीच्या आकड्याचा गुणाकारही अगदी बरोबर येतो.

सहकारी साखर कारखान्यातली गंधकाची ऑर्डर घ्या. रसशुद्धीसाठी टन उसामागे साधारण अर्धा किलो गंधक लागतं. रोज पाच हजार टन गाळप असेल तर अडीच टन, म्हणजे २५ टनांत दहा दिवस निघतात. पुरवठादाराचं कोटेशन होतं ४२.७५ रुपये किलो. ऑर्डर मात्र टनात काढायची होती. ऑपरेटरने टिंब काढून ४२७५ केले आणि पुढे शून्यं लावली. लागत होतं एक, लागली दोन. दर झाला ४,२७,५०० रुपये टन आणि ऑर्डर १,०६,८७,५०० रुपयांची.

कागद सहीला जायच्या आधी नोंद करायला कनिष्ठ लिपिकाकडे आला. नोकरीला लागून तिला चार महिने झाले होते. तिने गुणाकार केलाच नाही. रजिस्टरमध्ये मागच्या हंगामातली गंधकाची नोंद काढली. तेवढ्याच २५ टनांना तेव्हा दहा लाखांच्या आसपास गेले होते. ती खरेदी अधिकाऱ्यांकडे गेली.

"साहेब, ही गंधकाची ऑर्डर एकदा बघता का?"

"अगं, बघितलीय मी. बेरीज जुळते, अक्षरी रक्कमही जुळते."

"बेरीज जुळतेच, साहेब. पण कोटेशनमध्ये किलोला ४२.७५ आहे. हजार किलोचे ४२,७५० होतात. इथं एक शून्य जास्त आहे."

साहेबांनी कोटेशन आणि ऑर्डर शेजारी ठेवली. खरी रक्कम १०,६८,७५० रुपये होती.

अक्षरी रक्कम तपासून काही सापडत नाही, कारण तीही सिस्टिम त्याच आकड्यावरून छापते. हाताने लिहायची पद्धत होती तेव्हा लिहिणाऱ्याचा हात 'एक कोटी' लिहिताना थबकायचा. ती थबकण्याची जागा आता उरलेली नाही, म्हणून तुलना बाहेरच्या आकड्याशीच करावी लागते: कोटेशन, मागणीपत्रातली अंदाजित किंमत, नाहीतर मागची ऑर्डर. तिन्ही पाहायला दोन मिनिटं लागतात. घाईत आहोत म्हणून ती वाचवणाऱ्यांच्या ऑर्डरी तपासायला मला आवडत नाही.

मागच्या ऑर्डरीशी तुलना करताना दर थोडा वरखाली असणारच. शंका घ्यायची ती दहापट-शंभरपट फरकाची. असे दोन आकडे समोर असतील तर फरक काढून ९ ने भागा. इथं १,०६,८७,५०० उणे १०,६८,७५० म्हणजे ९६,१८,७५०. त्याला ९ ने भागलं की पुन्हा १०,६८,७५० मिळतात. भागाकार लहान आकड्याइतकाच आला की दशांश एक घर सरकलाय हे नक्की. दोन घरं सरकला असेल तर ९९ ने भागायचं. फरकाला ९ ने भाग जातो, पण उत्तर लहान आकड्याइतकं येत नाही, तेव्हा बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. ४२,७५० ऐवजी ४७,२५० टाईप झाले की फरक ४,५०० येतो. त्यालाही ९ ने भाग जातो, पण उत्तर येतं फक्त ५००.

एकक बदलायचं असेल तर शून्यं मनात सरकवू नका. कोटेशन किलोत आहे ना, मग ऑर्डरही किलोतच काढा: २५,००० किलो, दर ४२.७५. टन हवाच असेल तर ४२.७५ × १००० हे मागणीपत्राच्या कडेला पेनाने लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला तपासता येतं.

वजनाचे तीन दशांशही घात करतात. '१२.५०० टन' हे घाईत साडेबारा हजार टन वाचलं जातं, म्हणून मी कागदावर १२.५ टन लिहितो. अर्ध्या किलोसाठी '.५' लिहू नका, झेरॉक्समध्ये टिंब उडतं आणि पाच उरतात. '०.५' लिहा. जर्मन पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये १.२५०,०० असेल तर ते साडेबाराशे युरो आहेत, सव्वा नव्हे.

ऑर्डर पुरवठादाराकडे गेल्यावर चूक सापडली तर पेनाने खाडाखोड करून पुन्हा पाठवायची नाही. आधी फोन, मग त्याच दिवशी त्याच ऑर्डर क्रमांकाची लेखी दुरुस्ती: जुना दर, नवा दर, सही. त्याची पोच फाईलला लावा आणि एक प्रत लेखा विभागाला द्या. बिल तपासणारा बिलाचा दर ऑर्डरशी ताडून पाहतो. त्याच्याकडे जुनीच प्रत राहिली आणि बिल ४,२७,५०० च्या दराने आलं, तर त्याच्या टेबलावर सगळं जुळतं आणि पैसे जातात.